दहा चौरस मीटरचा दर

त्या घरात दोन बायकांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं आणि ते लपवायचा प्रयत्न कोणीच करत नव्हतं. वरच्या मजल्यावर घर, तळमजल्यावर ऑफिस. त्यामुळे भांडण वर अर्धवट राहिलं तर खाली पुरं करायची सोय होती. वर गॅसवरून आणि पंख्याच्या वेगावरून वाजायचं, खाली टेंडरवरून.

थोरली ती ताई. कंत्राटदाराची मुलगी. लग्न तीन वर्षांत मोडलं, माहेरी परत आली आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या ऑफिसात जाऊन बसली, ती आजपर्यंत. दर काढणं तिचं काम. टेंडरसोबत येणारं परिमाणपत्रक, म्हणजे कुठलं काम किती आणि कुठल्या एककात मोजायचं याची लांबलचक यादी, ती समोर घ्यायची. एकेक बाब, तिचं परिमाण, तिचं एकक आपल्या शीटमध्ये उतरवायची. मग विटा, सिमेंट, मजुरी धरून प्रत्येकासमोर दर मांडायची आणि खाली बेरीज. बाहेरून बघणाऱ्याला हे कारकुनी वाटतं. वाटू दे. कंपनी बुडते ती याच टेबलावर, साइटवर फक्त कळतं.

धाकटी ती तिची भावजय. इंजिनियर. ताई तिला पाठीमागे ‘इंजिनियरबाई’ म्हणायची आणि रागात असली की तोंडावरही. भाऊ बिचारा साइटवर असायचा. बिचारा म्हणजे शहाणा, घरी वेळेवर येतच नसे. भावजयीने आल्याआल्या संगणकावर असं काही बसवलं की टेंडरची फाइल टाकली की सगळी यादी आपोआप शीटमध्ये उतरायची. ताईला जे उतरवायला दोन-तीन दिवस लागत, ते हिचा चहा निवेपर्यंत व्हायचं.

“हाताने कशाला टायपायचं?” ती पहिल्याच महिन्यात म्हणाली होती. “हे काम आता कोणी माणूस करत नाही, ताई.”

माणूस करत नाही. म्हणजे इतकी वर्षं करणारी मी कोण, हे ताईने विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती भावजयीला पाण्यात बघायला लागली, आणि खरं सांगायचं तर भावजयही काही गरीब गाय नव्हती. तिने ताईचं टेबल खिडकीपासून हलवून प्रिंटरशेजारी टाकलं. कारण विचारलं तर म्हणाली, तिथे वायर पुरते.

बाबा हे सगळं बघत होते आणि कानाडोळा करत होते. त्यांना आता स्क्रीनवरचं नीट दिसत नव्हतं. सहीची डिजिटल किल्ली, ते बोटाएवढं डोंगल, त्यांच्या टेबलाच्या खणात असायचं. ते लावल्याशिवाय एकही टेंडर कंपनीच्या नावाने चढत नसे. वसतिगृहाचं टेंडर निघालं तेव्हा त्यांनी दोघींना समोर बसवलं.

“हे झालं की मी डोंगल ठेवणार नाही,” ते म्हणाले. “तुमच्यातल्या एकीकडे देईन. जिच्याकडे जाईल तिने भरलेला दर तो कंपनीचा दर. दुसरीने मग तक्रार करायची नाही.”

ताईला त्या डोंगलखेरीज दुसरं काही नको होतं. पैसा नको, वरची मोठी खोली नको. आपण इथे आश्रित म्हणून राहिलो नाही, एवढं एकदा कोणीतरी कबूल करावं, एवढंच तिला हवं होतं. आणि डोंगल भावजयीकडे गेलं तर ती या ऑफिसात प्रिंटरशेजारची बाई होऊन राहणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

बाबांनी वसतिगृहाचं काम भावजयीला दिलं. “एकदा तिचं बघू,” म्हणाले. वर नफा कापून तीन टक्क्यांवर आणला, कारण वर्षभर हाताला मोठं काम नव्हतं. आणि भावजयीला बजावलं, की शीट झाली की ताईला दाखव.

भावजयीने दाखवली. दाखवली म्हणजे येता-जाता ताईच्या टेबलावर गठ्ठा टाकला.

“बाबा म्हणाले तुम्हाला दाखवायची.”

“तुला स्वतःला वाटत नाही का दाखवावी?”

“मी तपासलीय. पण एककं बघा एकदा. तुम्हाला त्याची सवय आहे.”

आता हे ती सरळ म्हणाली की टोमण्याने, यावर पुढे बराच खल झाला. ताईला त्या क्षणी तो टोमणाच वाटला. तिने मूळ टेंडर काढलं, शीट शेजारी ठेवली आणि आपल्या पद्धतीने बसली. तिची पद्धत अशी की परिमाणाच्या आकड्याकडे बघायचंच नाही. आधी फक्त एककाचा रकाना, तोही शेवटच्या पानावरून पहिल्याकडे. वरून खाली वाचलं की वाक्याच्या ओघात डोळा फसतो. उलटं वाचलं की प्रत्येक एकक एकटं उभं असतं. घनमीटर, चौरस मीटर, किलो, नग, धावता मीटर.

बाहेरच्या प्लॅस्टरपाशी तिचं बोट थांबलं.

टेंडरमध्ये त्या बाबीचं एकक होतं ‘१० चौ.मी.’, म्हणजे दर दहा चौरस मीटरचा भरायचा. रकाना अरुंद, त्यामुळे ‘१०’ एका ओळीत आणि ‘चौ.मी.’ खालच्या ओळीत छापलेलं. भावजयीच्या यंत्राने ते ‘१०’ उचलून एका वेगळ्याच ओळीत टाकलं असणार. ना बाब क्रमांक, ना वर्णन, नुसतं दहा. आणि शीट साफ करताना बाईंनी क्रमांक नसलेल्या ओळी सरसकट उडवल्या असणार. राहिलं काय, तर परिमाण ४१२, एकक चौरस मीटर, खर्चाचा दर ६४०. पंधरा टक्के वरखर्च आणि नफा चढवून भरायचा दर ७३६.

चारशे बारा चौरस मीटर बाहेरचं प्लॅस्टर. चार मजली, दोन विंगांच्या वसतिगृहाला. एवढ्यात जिनासुद्धा झाकला गेला नसता. ताईने खात्रीसाठी बाहेरच्या रंगाची बाब काढली. तिचं एकक साधं चौरस मीटर आणि परिमाण ४१२०. भिंत तीच, प्लॅस्टर होतं तिथेच रंग लागतो. म्हणजे प्लॅस्टर चारशे बारा वेळा दहा. दर भरायला हवा ७३६०, आणि इंजिनियरबाई दहा चौरस मीटरचं काम एका चौरस मीटरच्या दरात करून द्यायला निघाल्या होत्या.

टेंडरमधलं एकक बदलता येत नाही. भरलेला दर म्हणजे दिलेला शब्द. काम मिळालं तर तेवढ्यातच करून द्यायचं, रडत किंवा हसत.

ताईने कॅल्क्युलेटर ओढला. फरक सत्तावीस लाख एकोणतीस हजार अठ्ठ्याऐंशी. बाबांनी कापून ठेवलेल्या नफ्यातला बहुतेक सगळा यात गेला असता. तिने शीटखालची बेरीज घेतली, फरक मिळवला, पुन्हा एकदा मिळवला. आणि मग तिला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच जरा लाज वाटली. पण जराच.

टेंडर चढवायच्या आधी त्या ऑफिसात वाचन होत असे. बाबांची जुनी शिस्त. एकाने टेंडरमधून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने शीटवर खूण करायची, बाबांनी डोळे मिटून ऐकायचं. उद्या वाचन होईल. ताई वाचेल. बाहेरच्या प्लॅस्टरपाशी येईल, थांबेल आणि विचारेल, ‘दहा कुठे गेलं गं?’ बाबा डोळे उघडतील. तेवढंच तिला हवं होतं. कंपनीचं काही नुकसान होणार नव्हतं, चूक वेळेत सुधारली जाणार होती. फक्त एकदा, बाबांच्या समोर, ती भावजय तोंडघशी पडायला हवी होती.

संध्याकाळी भावजय गठ्ठा न्यायला आली.

“बघितलं?”

“बघितलं.”

“काही आहे?”

“ठीक आहे,” ताई म्हणाली आणि प्रिंटरमध्ये कागद भरायला लागली.

भावजय क्षणभर उभी राहिली. बहुतेक आभार मानावेत का याचा विचार करत असावी. मानले नाहीत. गठ्ठा उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला टेंडर बंद होणार होतं. ताई सकाळी चापूनचोपून साडी नेसून खाली आली. पाण्याचा तांब्या भरून बाबांच्या टेबलावर ठेवला, मूळ टेंडर वाचायला काढलं, चष्मा पुसला. भावजय आपल्या संगणकासमोर दर चढवत बसली होती. टेंडरची वेबसाइट रेंगाळत होती, पान उघडता उघडत नव्हतं. बाबा आले, उभ्याउभ्याच त्यांनी खण उघडला आणि डोंगल बाहेर काढलं.

“बाबा, वाचन?” ताई म्हणाली.

“आज नको. साइट मंद आहे, ऐनवेळी लटकायला होईल. आणि दोघींनी बघितलंय ना? तिने केलं, तू तपासलंस.” त्यांनी डोंगल भावजयीपुढे धरलं. “लाव.”

ताईने सगळ्याचा विचार केला होता. वाचनच होणार नाही, याचा केला नव्हता. आणि ते रद्द का झालं, तर तिच्या शब्दावर. भावजयीने डोंगल लावलं, दिवा लागला, पडद्यावर परिमाणपत्रक उघडलं. शेवटचं बटण दाबलं की दर बदलता येणार नव्हता.

गप्प बसावं असं तिच्या मनात आलंच नाही असं नाही. आलं. एक पूर्ण श्वासभर आलं. काम मिळेल, पुढे प्लॅस्टरच्या वेळी फुटेल, तेव्हा दर कोणी भरला हे सगळ्यांना माहीत असेल. पण तो पैसा बाबांचा होता.

“थांब,” ती म्हणाली. “बाहेरच्या प्लॅस्टरचं एकक बघ.”

“चौरस मीटर,” भावजय न वळता म्हणाली.

“तुझ्या शीटमध्ये. टेंडरमध्ये बघ.”

भावजयीने बघितलं. मानेमागून कानापर्यंत ती लाल होत गेली ते ताईला मागून दिसलं. हाच तो क्षण, ज्यासाठी तिने रात्र काढली होती. पण तो हवा तसा लागला नाही.

“दहा चौरस मीटर आहे, बाबा,” ताई म्हणाली. “परिमाण दहाच्या पटीत. बाहेरचा रंग बघा, चार हजार एकशे वीस. भिंत तीच. हिने दर एकाचा भरलाय. सात हजार तीनशे साठ हवा.”

बाबा सावकाश खुर्चीत बसले. “किती फरक?”

“सत्तावीस लाख एकोणतीस हजार अठ्ठ्याऐंशी. बेरीज बारा कोटी पंचेचाळीस लाख एकाहत्तर हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी होते.”

बोलताना तिच्या आवाजात थोडी ऐट होती. ती ऐट तिला नडली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. चष्म्यातून त्यांना तिचा चेहरा धूसर दिसत असेल, पण त्यांना चेहऱ्याची गरज नव्हती. या मुलीला आकडा त्यांनीच शिकवला होता. दोनदा कॅल्क्युलेटरवर काढल्याशिवाय ती कोणाला रुपयाचा आकडा तोंडी सांगत नसे. लोक चेष्टा करत, तरी सांगत नसे. आणि कॅल्क्युलेटर आत्ता तिच्या हातात नव्हता.

“हा आकडा कधी काढलास?” त्यांनी विचारलं.

ताईने टेंडरचं पान सरळ केलं.

“मी विचारतोय.”

“काल.”

“काल कधी?”

“शीट टेबलावर आली तेव्हा.”

भावजय आता वळली होती. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. “मी संध्याकाळी विचारलं होतं तुम्हाला. काही आहे का, म्हणून. तुम्ही म्हणालात ठीक आहे.”

“आज वाचनात सांगणार होते.”

“वाचनात कशाला? माझ्या टेबलापर्यंत चार पावलं आहेत.”

“तू माझं टेबल कुठे नेऊन टाकलंस ते विसरलीस?” ताई फणकारली. “माणूस करत नाही म्हणालीस ना हे काम? मग? तुझं यंत्र दहा गिळून बसलं, आणि तू त्या ओळी न बघता उडवल्यास. चूक तुझी आहे. माझ्यावर डोळे वटारू नकोस.”

“माझीच आहे. मी नाही कुठे म्हणतेय? रिकाम्या ओळी मी बघायला हव्या होत्या.” भावजय बाबांकडे वळली. “पण मी चुकले. यांनी खोटं सांगितलं.”

“पुरे,” बाबा म्हणाले.

त्यांनी ताईपुढचं टेंडर ओढून घेतलं. भिंग काढलं. आणि त्या अधू डोळ्यांनी, एकेक बाब, एकेक एकक मोठ्याने वाचायला लागले. भावजय शीटवर खुणा करत गेली.

“मी सगळी बघितलीयत, बाबा,” ताई म्हणाली. “तेवढी एकच आहे. वेळ जाईल उगाच.”

ते थांबले नाहीत. तिचं ऐकू गेलं नसेल असं समजायलाही जागा नव्हती, कारण मध्येच भावजयीने खूण करताना तिच्याकडे बघितलं आणि बाबांनी पुढचं एकक आणखी मोठ्याने वाचलं. अडखळत, ओळ चुकत, पुन्हा मागे जात. ताई चार हातांवर उभी राहून ऐकत होती. जिथे ते अडत तिथे पुढचा शब्द तिच्या जिभेवर येत होता आणि तो तिथेच गिळावा लागत होता. शेवटपर्यंत वाचून झालं. दुसरी चूक निघाली नाही.

भावजयीने शीटमधलं एकक दुरुस्त केलं, दर बदलला, बेरीज बघितली. ताईने सांगितलेलीच आली, रुपयासुद्धा इकडेतिकडे नाही. टेंडर चढलं. बाबांनी डोंगल काढलं, हातात घोळवलं आणि भावजयीच्या कीबोर्डशेजारी ठेवलं.

“बाबा, चूक हिची होती,” ताई म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि तिला त्याचाही संताप आला. “मी पकडली. मी.”

“म्हणूनच,” बाबा म्हणाले. “न दिसलेली चूक मी समजू शकतो. माझ्याही झाल्यात. तुला दिसली आणि तू ती रात्रभर शीटमध्ये राहू दिलीस.” ते भावजयीकडे वळले. “पण तू हुरळून जाऊ नकोस. एककं हिच्याकडूनच तपासून घ्यायची. हिच्याइतकी नजर कोणाची नाही.”

“घेतली असती,” भावजय म्हणाली. ती कडवटपणे बोलली नाही, हिशेब मांडावा तशी बोलली, आणि ते जास्त लागलं. “पण ताई बरोबर म्हणाल्या तर मी काय समजायचं? चूक आहे म्हणाल्या तर मी शोधू शकते. बरोबर आहे म्हणाल्या तर?”

बाबा तांब्यातलं पाणी पिऊन वर निघून गेले.

काम मिळालं. चांगल्या दराने मिळालं, भाऊ पेढे नाही तरी बिस्किटं घेऊन आला. ताईनेही एक खाल्लं.

मग पुढचं टेंडर आलं. एका गोदामाचं, लहानसं. भावजयीने यंत्रातून शीट काढली, उडवायच्या ओळी एका बाजूला वेगळ्या ठेवल्या, आणि बाबांनी सांगितलं होतं म्हणून गठ्ठा ताईच्या टेबलावर आणून ठेवला. टाकला नाही, ठेवला. ताईने तो शेवटून पहिल्यापर्यंत बघितला. दोनदा बघितला. शोधून शोधून काहीतरी मिळावं म्हणून तिसऱ्यांदा बघितला. एककं सगळी जागच्या जागी होती. परिमाणंही.

ती उठून भावजयीच्या टेबलापाशी गेली.

“सगळं बरोबर आहे,” ती म्हणाली. “खरंच बरोबर आहे.”

“हो का,” भावजय म्हणाली. तिने गठ्ठा घेतला, मूळ टेंडर शेजारी उघडलं आणि पहिल्या बाबीवर बोट ठेवून स्वतः तपासायला लागली. ताई आपल्या खुर्चीत जाऊन बसली.